तिकीट असतं कुठे?

२२ सप्टेंबर २०२४ च्या रविवारी, दुपारी बाराला, कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकिटं बुकमायशोवर खुली होणार होती. ठिकाण नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, तारखा १८ आणि १९ जानेवारी २०२५. बाराच्या सुमाराला संकेतस्थळ आणि अ‍ॅप दोन्ही कोलमडली. पुन्हा उभी राहिली तेव्हा लोकांच्या फोनवर रांगेतला नंबर दिसू लागला, आणि कित्येकांच्या पुढे लाखांत माणसं उभी होती. त्या दिवशी तिकिटांसाठी एक कोटीहून जास्त लोक आल्याचं कंपनीने पुढे सांगितलं. स्टेडियम साधारण अर्ध्या लाखाचं. त्याच दुपारी २१ तारखेचा तिसरा कार्यक्रम जाहीर झाला आणि तोही हातोहात संपला. त्यानंतर काही तासांतच परदेशी पुनर्विक्री संकेतस्थळांवर तीच तिकिटं लाखांच्या भावाने झळकायला लागली.

त्या गोंधळाबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. मला मात्र त्यातला एक साधा प्रश्न फार गमतीचा वाटतो. बारा वाजून एका मिनिटाने ज्याने तिकीट घेतलं, त्याच्याकडे नेमकं काय आलं? तिकीट असतं कुठे?

मराठी नाटकं बघणाऱ्याला याचं उत्तर शोधायला दूर जावं लागत नाही. शिवाजी मंदिरच्या किंवा बालगंधर्वच्या खिडकीत बुकिंगवाल्यासमोर एक कागद पसरलेला असायचा. त्याला ‘प्लॅन’ म्हणतात. सगळ्या रांगा, सगळ्या खुर्च्या, छोटे छोटे चौकोन. तुम्ही ‘एफ सात-आठ’ म्हणालात की बुकिंगवाला त्या दोन चौकोनांवर पेन्सिलीने फुली मारायचा आणि मग तिकिटाचा कागद फाडून द्यायचा. तुमच्या हातातला कागद ही नुसती पावती. खुर्ची तुमची झाली ती प्लॅनवर फुली पडली त्या क्षणी.

ऑनलाइन तिकिटातही हेच घडतं, फक्त प्लॅन एका डेटाबेसमध्ये असतो. प्रत्येक खुर्चीची तिथे एक ओळ असते: कोणता स्टँड, कोणता ब्लॉक, कोणती रांग, कितवी जागा, आणि मोकळी आहे, धरलेली आहे की विकलेली आहे. आता नवल बघा. दोन माणसं, एक नागपुरात आणि एक ठाण्यात, एकाच क्षणी त्याच खुर्चीवर बोट ठेवतात. पेन्सिलवाल्यापुढे हा प्रश्न कधी आलाच नाही, कारण खिडकीत एका वेळी एकच डोकं मावायचं. डेटाबेस मात्र ती ओळ क्षणभर कुलूपबंद करतो. ज्याची मागणी आधी पोचली त्याच्या नावे खुर्ची ‘धरली’ जाते आणि दुसऱ्याला ‘ही जागा उपलब्ध नाही’ एवढंच दिसतं. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाचाही असू शकतो.

धरलेली खुर्ची अजून विकलेली नसते. पैसे भरायला काही मिनिटं मिळतात, कोपऱ्यात उलटं घड्याळ चालू असतं ते त्यासाठीच. तेवढ्यात कोणाचा ओटीपी आला नाही, कोणाचं कार्ड नाकारलं गेलं, कोणी घाबरून मागे फिरलं, की खुर्ची परत मोकळी होते. म्हणून सगळं संपल्यासारखं दिसलं तरी पाच-दहा मिनिटांनी इथे तिथे दोन जागा उगवतात. हे कळलेला माणूस पहिल्या ‘सोल्ड आउट’ला फोन खाली ठेवत नाही. आणि मुख्य म्हणजे त्याच मिनिटाला टेलिग्रामवर दलाल शोधायला धावत नाही.

आता तो क्यूआर कोड. काळ्या-पांढऱ्या चौकोनांच्या त्या जाळीत तिकीट लपलेलं असतं असं पुष्कळांना वाटतं. साध्या क्यूआरमध्ये बहुधा अक्षर-आकड्यांची एक लांबलचक माळ असते, बस्स. प्रवेशद्वारावरचं यंत्र ती वाचतं आणि प्लॅनला विचारतं: हा क्रमांक आपल्याकडे आहे का, आजच्या तारखेचा आहे का, या दाराचा आहे का, आणि याआधी कोणी वापरला आहे का? सगळी उत्तरं बरोबर आली की दिवा हिरवा होतो आणि त्याच क्षणी ओळीवर आणखी एक खूण पडते: ‘आत गेला’. पुढचा माणूस तोच कोड घेऊन आला तर दिवा लाल.

फसवणुकीचं मर्म इथेच आहे. एकच खरं तिकीट घ्या, त्याचा स्क्रीनशॉट दहा जणांना विका. दहाही जणांकडे असलेला कोड अस्सल आहे. फॉन्ट बरोबर, लोगो बरोबर, बुकिंग क्रमांक बरोबर. कितीही भिंग लावून बघा, खोट सापडणार नाही, कारण त्या चित्रात खोट नाहीच. दहांपैकी जो दारावर पहिला पोचेल तो आत जाईल आणि उरलेले नऊ सुरक्षारक्षकाशी वाद घालत बसतील. कधी कधी तर विकणाऱ्याचा काहीच दोष नसतो. एखादी मुलगी आनंदाने तिकिटाचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकते, कोड झाकायला विसरते, आणि कोणीतरी अनोळखी माणूस तो फोटो विकून मोकळा होतो.

यावरचा तोडगा मोठा हुशारीचा आहे. काही कंपन्यांनी कोड स्थिर ठेवणंच सोडलं. अमेरिकेतल्या तिकीटमास्टरने २०१९ मध्ये सेफटिक्स नावाची पद्धत आणली. त्यात फोनवरचा बारकोड काही सेकंदांनी बदलत राहतो. फोनमधल्या अ‍ॅपकडे एक गुप्त किल्ली असते. ती आणि त्या क्षणाची वेळ यांचं गणित करून नवा कोड तयार होतो. कंपनीच्या बाजूलाही तेच गणित चालू असतं, म्हणून दोन्ही उत्तरं जुळतात. बँकेच्या अ‍ॅपमधले दर अर्ध्या मिनिटाने बदलणारे सहा आकडे याच कुळातले. अशा तिकिटाचा स्क्रीनशॉट तुम्ही तो बघेपर्यंत शिळा झालेला असतो. म्हणून बदलत्या कोडच्या कार्यक्रमाचं तिकीट कोणी स्क्रीनशॉट किंवा पीडीएफ म्हणून देऊ करत असेल, तर पुढे बोलायचं कारणच उरत नाही. अशी तिकिटं अ‍ॅपमधूनच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवता येतात. म्हणजे प्लॅनवरचं नाव बदलतं आणि जुन्या मालकाचा कोड मरतो.

कोड स्थिर असेल तर मात्र विकणाऱ्याला एकच गोष्ट विचारण्यासारखी आहे: प्लॅनवरचं नाव तू माझ्या नावे करून देऊ शकतोस का? कोल्डप्लेच्या वेळी व्हायागोगो, गिग्सबर्ग अशा संकेतस्थळांशी आपला काहीही संबंध नसल्याचं बुकमायशोने जाहीर केलं होतं. म्हणजे तिथे लाखभर रुपये मोजणाऱ्याचं नाव प्लॅनवर कुठेच उमटणार नव्हतं.

इथवर आलो की आसनांच्या प्रकारांकडे वेगळ्या नजरेने बघता येतं. आपल्याला ते फक्त भावाचे टप्पे वाटतात. सवाई गंधर्व महोत्सवाला जाणाऱ्याला भारतीय बैठक, खुर्ची आणि सोफा यांतला फरक न सांगता कळतो. क्रिकेटच्या मैदानावर रॉक बँड आला की हा हिशेब अवघड होतो, कारण ती जागा मुळात या कामासाठी बांधलेलीच नसते. क्रिकेटमध्ये प्रेक्षक चहूबाजूंनी मध्याकडे बघतात. कार्यक्रमाला मंच मैदानाच्या एका टोकाला उभारतात. मग मंचामागचे स्टँड विकताच येत नाहीत, आणि जिथे एरवी खेळाडू पळतात त्या हिरवळीवर हजारो माणसं उभी राहतात.

नेरुळच्या कार्यक्रमांचे दर २,५०० रुपयांपासून ३५,००० पर्यंत होते. हिरवळीवर उभं राहायचं तिकीट, म्हणजे ग्राउंड स्टँडिंग, ६,४५० रुपयांचं होतं. बसायच्या जागा लेव्हल एक, दोन, तीन अशा मजल्यांत वाटलेल्या आणि स्टँडप्रमाणे त्यांचे भाव वेगवेगळे, चांगल्या जागांना १२,५०० पर्यंत. ३५,००० चं तिकीट लाउंजचं. गंमत अशी की सगळ्यांत महाग जागा मंचाच्या सगळ्यांत जवळ नव्हती. मंचाला चिकटून उभं राहायचं भाग्य ६,४५० वाल्याचं, पण त्यासाठी दुपारपासून उन्हात रांग लावायची, पाच-सहा तास पायांवर काढायचे आणि पुढे कोणी उंच माणूस आला तर नशिबाला बोल लावायचा. जास्त पैसे मोजणारा खुर्ची, सावली आणि छोटी रांग विकत घेतो. लेव्हल तीनवरून गायक बोटाएवढा दिसतो, पण मंचावरची रोषणाई आणि मैदानभर लुकलुकणारे मनगटी दिवे यांचं अख्खं चित्र तिथूनच दिसतं. त्या बँडच्या बाबतीत तरी माझं मत वरच्या मजल्याच्या बाजूने आहे.

नकाशा बघताना आणखी एक गोष्ट शोधावी. मैदानाच्या मध्याच्या थोडं मागे एक चौकोन दाखवलेला असतो, तो ध्वनिनियंत्रणाचा मंच. तिथे बसलेला माणूस सगळ्या वाद्यांचा मेळ घालतो, म्हणून आवाज बहुतेक वेळा त्याच्या आसपास सर्वांत नीट लागतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मंचापासून १२० मीटरवर बसलेल्याला ढोल वाजलेला दिसतो आणि सुमारे एक तृतीयांश सेकंदाने ऐकू येतो. मैदानात मध्येच उभे केलेले ध्वनिक्षेपकांचे मनोरे म्हणून मुद्दाम तेवढ्याच उशिराने वाजवले जातात, नाहीतर मागच्या प्रेक्षकांना प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येईल. हेच मनोरे काही खुर्च्यांवरून मंच बघताना आड येतात. ‘रिस्ट्रिक्टेड व्ह्यू’ असं लिहून स्वस्तात मिळणाऱ्या जागा बहुधा अशाच.

आसनांची ही माहिती खोटी ऑफर ओळखायलाही कामी येते. समजा, कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी असा निरोप आला: ‘१९ जानेवारी, ग्राउंड स्टँडिंग, रांग सी, सीट १४ आणि १५. घरात आजारपण, येणं जमत नाही. दोन्हींचे ११,००० द्या. निम्मे आत्ता पाठवा, उरलेले तिकीट मिळाल्यावर.’

पहिलं म्हणजे, उभं राहायच्या तिकिटाला रांग नसते आणि सीटही नसते. ज्याने ते तिकीट हातात धरलं आहे त्याच्याकडून ही चूक व्हायची नाही. ज्याने नुसतं नाव ऐकून मजकूर जुळवला आहे त्याच्याकडून होते. दुसरं, दोन तिकिटांची मूळ किंमत १२,९०० रुपये. बाजारात तीच तिकिटं कित्येक पटींनी मागितली जात असताना हा सद्गृहस्थ तोटा का सोसतो आहे? घाईत असलेला खरा माणूस मूळ किमतीला विकेल, ओळखीत विकेल, पण अनोळखी माणसाला स्वस्तात देऊन वर घाई करणार नाही. तिसरं, निम्मे आत्ता. हे निम्मे मिळाले की बहुतेकदा संभाषणही संपतं. आणखी लोभ असेल तर पैसे ‘अडकले’ म्हणून तो एक क्यूआर पाठवेल आणि पैसे परत घ्यायला तो स्कॅन करून पिन टाका म्हणेल. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो. घ्यायला कधीच लागत नाही.

आता समजा निरोप जास्त जाणत्या माणसाचा आहे. लेव्हल तीन, ब्लॉक बरोबर, रांग त्या ब्लॉकमध्ये खरोखर आहे, भाव मूळ किमतीचा, प्रत्यक्ष भेटायचीही तयारी. तरीही स्थिर कोडची अडचण जागच्या जागी आहे, कारण तोच स्क्रीनशॉट त्याने आणखी कोणाला दिला की नाही हे त्याच्या डोळ्यांत बघून कळत नाही. इथे सुरक्षित वाट एकच दिसते. विकणाऱ्याची दोनांपैकी एकच जागा रिकामी असेल तर त्याच्याबरोबर दारातून आत जायचं आणि दिवा हिरवा झाल्यावर पैसे द्यायचे. खरा विक्रेता याला सहसा हरकत घेत नाही. बाकी सगळ्या व्यवहारांत, अगदी मित्राच्या मित्राकडूनही, तुम्ही जुगार खेळत असता. तो किती रकमेचा खेळायचा हे ज्याचं त्याने ठरवावं.

परदेशी पुनर्विक्री संकेतस्थळांवर आणखी एक तऱ्हा चालते, आणि ती ऐकली तेव्हा मी थक्क झालो. तिथे जे तिकीट विकायला लावलेलं असतं ते कधी कधी विक्रेत्याकडे नसतंच. शेअर बाजारात हातात नसलेला शेअर विकून नंतर खरेदी करतात, तोच हा प्रकार. विक्रेता लाख रुपयांचा भाव लावतो, कोणीतरी घेतो, मग विक्रेता तीस हजारांत मिळणारं तिकीट शोधायला बाहेर पडतो. मिळालं तर सत्तर हजार खिशात. नाही मिळालं तर सौदा रद्द. तुम्हाला पैसे परत मिळतीलही, पण तोवर रेल्वेचं आरक्षण आणि नेरुळ-वाशीचं हॉटेल झालेलं असतं. अशी जाहिरात ओळखायची खूण पुन्हा आसनांतच आहे. अधिकृत विक्री सुरू व्हायच्या आधीच तिकीट विकायला आलं असेल, किंवा लाखभर रुपये मागूनही नुसतं ‘लेव्हल दोन’ लिहिलं असेल आणि ब्लॉक, रांग यांचा पत्ता नसेल, तर त्या जाहिरातीमागे बहुधा खुर्ची नाही.

खोटी संकेतस्थळं हा वेगळा विषय आहे, पण त्यातली एक युक्ती सांगण्याजोगी आहे. पत्ता डावीकडून वाचला की फसतो, कारण फसवणारा ओळखीचं नाव डावीकडे ठेवतो. दोन नमुने बघा:

```
https://in.bookmyshow.com/events
https://bookmyshow.com.coldplay-tickets.example/events
```

`https://` च्या पुढची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिथून मागे, उजवीकडून डावीकडे वाचा. पहिल्यात रेघेच्या लगत `bookmyshow.com` आहे, म्हणजे घर त्यांचं. दुसऱ्यात रेघेच्या लगत `coldplay-tickets.example` आहे. खरा मालक तो, आधीचं `bookmyshow.com` हे त्याने आपल्या दारावर लावलेलं दुसऱ्याचं नाव. कुलपाचं चिन्ह दोन्हीकडे दिसेल. ते एवढंच सांगतं की तुमचं आणि समोरच्याचं बोलणं मधे कोणी ऐकत नाही. समोरचा कोण, याची हमी ते देत नाही.

काळ्या बाजाराला आपसूक अडवणारी कोल्डप्लेचीच एक योजना मला सगळ्यांत देखणी वाटते. ‘इन्फिनिटी तिकिटं’ या नावाने ते प्रत्येक कार्यक्रमाची थोडी तिकिटं अगदी स्वस्त विकत. भारतात ती नोव्हेंबर २०२४ मध्ये निघाली, दर २,००० रुपये. अट अशी की जोडीनेच घ्यायची, एकाला दोनच, आणि जागा कोणती हे कार्यक्रमाच्या दिवशी खिडकीवर तिकीट घेतल्यावरच कळणार. ती हिरवळीवर असेल किंवा अगदी वरच्या मजल्यावर. दलालाच्या दृष्टीने हा माल विकायलाच अवघड, कारण जागा माहीत नाही आणि हातात द्यायला त्या दिवसापर्यंत कागदही नाही. साहजिकच, ‘इन्फिनिटी, लेव्हल एक, ब्लॉक अमुक’ असं कोणी लिहिलं तर तो थाप मारतो आहे हे वाचताक्षणी कळतं.

कायद्याच्या बाजूने चित्र अर्धवट आहे. थिएटरबाहेर ‘दस का बीस’ म्हणणाऱ्याला सिनेमाच्या कायद्यात पकडता येत असे, पण मैफलीच्या तिकिटाची ऑनलाइन पुनर्विक्री कशी व्हावी याचा स्वतंत्र केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही. मुंबई उच्च न्यायालयात या प्रकरणी जनहित याचिका आली ती जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली गेली. नियम करणं हे कायदेमंडळाचं काम, असा न्यायालयाचा रोख होता. मात्र जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये टोळीने केलेल्या किरकोळ संघटित गुन्ह्यांची यादी आहे आणि तिच्यात चोरी, फसवणूक, जुगार यांच्या जोडीला तिकिटांची अनधिकृत विक्रीही आहे. शिक्षा एक ते सात वर्षं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने कोल्डप्ले आणि दिलजीत दोसांझ यांच्या तिकिटांच्या प्रकरणात काही शहरांत छापे घातले. खोटी तिकिटं विकायला इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामचा वापर झाल्याचं त्यातून पुढे आलं. फसलेल्याच्या दृष्टीने या सगळ्यापेक्षा जवळचा आकडा म्हणजे १९३०. पैसे गेल्याचं कळताच या क्रमांकावर फोन करावा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळत असतात. ते पुढच्या खात्यात जायच्या आत बँकेला थांबवता आले तरच हाती लागतात, म्हणून इथे दिवस नव्हे, मिनिटं मोजायची.

ज्यांना पहिल्या दिवशी काहीच मिळालं नाही त्यांच्यासाठी प्लॅनवर आणखी एक कप्पा असतो. विक्री सुरू होते तेव्हा मंच, पडदे, मनोरे नेमके कुठे येणार हे शेवटच्या फुटापर्यंत ठरलेलं नसतं. म्हणून कडेच्या बऱ्याच खुर्च्या कोणालाही न विकता अडवून ठेवतात. पाहुणे, प्रायोजक, बँडचे लोक यांच्यासाठीही काही राखीव असतात. कार्यक्रमाच्या आधी मंच प्रत्यक्ष उभा राहतो, कोणीतरी त्या खुर्च्यांवर बसून मंच दिसतो का ते बघतं, आणि दिसणाऱ्या जागा विक्रीला सोडल्या जातात. कोल्डप्लेची शेवटची थोडी तिकिटं अशीच जानेवारीत, कार्यक्रमाच्या तोंडावर, अधिकृतपणे मूळ भावाने निघाली. तोवर सप्टेंबरच्या त्याच रात्री लाखांचे सौदे करणाऱ्यांचे पैसे केव्हाच गेले होते.